आधी नळा, मग रीप

"आमच्या घरावर आजोबांच्या वेळचे कुंभारी नळे आहेत. रिपा कुजल्यात, निम्मे नळे फुटलेत. तसेच नळे आता मिळतील का? आणि सुतार म्हणतो आधी रिपा मारून घेऊ, तर मारू द्यायच्या का?"

सुताराला थांबवा. नळे मिळतील, पण ते हातात येईपर्यंत वाशांवर एकही आडवी रीप ठोकू देऊ नका. मंगलोरी कौल साच्यातलं, सगळं एका मापाचं. त्यामुळे रिपांमधलं अंतर आधीच ठरवता येतं. हातच्या नळ्याचं तसं नसतं. तो चाकावर घडवतात. एका बाजूला निमुळती पोकळ नळी ओढून काढायची, ती जरा आवळली की उभी चिरायची, म्हणजे एका नळीचे दोन नळे होतात. ज्या कुंभाराचा हात, त्याचं माप. म्हणून रिपांचं अंतर नळ्याकडून येतं.

शिवाय नळ्याला मंगलोरी कौलासारखी मागे खुंटी नसते. तो रिपेला अडकत नाही, स्वतःच्या वजनाने आणि घासून बसतो. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका घराचं काम माझ्याकडे आलं, तिथे नेमकं हेच बिघडलेलं होतं. काही वर्षांपूर्वी कुणीतरी गुळगुळीत रंधा मारलेल्या रिपा मंगलोरी कौलाच्या अंतराने ठोकल्या होत्या आणि त्यावर जुने नळे परत मांडले होते. वळचणीला नळे वीतभर बाहेर लोंबत होते आणि आढ्याखाली उजेड दिसत होता. घरच्या काकू सांगत होत्या, "पाऊस नसला तरी रात्री नळा सरकल्याचा आवाज येतो." तुमच्याही घराची वळचण वाकडीतिकडी पुढे आली असेल आणि आढ्याजवळ फट पडली असेल, तर नळे फुटलेत म्हणून नव्हे, घसरताहेत म्हणून गळतंय असं समजा.

त्या घराचं काम कसं केलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या घराचा हिशेब तुम्हाला मांडता येईल.

पहिल्यांदा सगळे नळे उतरवले आणि अंगणात लावले. आडवे ढीग घातले तर खालचे फुटतात, म्हणून कडेवर उभे, एकाला एक टेकून. मग प्रत्येक नळा एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवला. खणखणीत वाजला तर ठेवायचा, भद्द वाजला तर आत चीर आहे, मग वरून कितीही छान दिसो. शेवाळ सुक्या काथ्याच्या कुंच्याने काढलं. प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. भाजताना तयार झालेली वरची कडक साल त्याने निघते आणि नळा पाणी प्यायला लागतो. सात हजारांतले साधारण बेचाळीसशे नळे चांगले निघाले.

त्यांतले वेगवेगळ्या जागचे चाळीसेक मोजले. लांबी साडेएकवीसपासून साडेतेवीस सेंटिमीटरपर्यंत, बहुतेक साडेबावीसच्या आसपास. रुंद तोंड पंधरा, अरुंद तोंड बारा. ही तीन मापं आणि बाक, एवढंच जुळवायचं असतं. रंगाच्या मागे लागू नका. आपल्या पावसात दोन वर्षांत नवा नळाही काळवंडतो, पण बाक जुळला नाही तर तो कधीच जुळत नाही. म्हणूनच शेजारच्या गावात पाडलेल्या घराचे नळे स्वस्तात मिळाले तरी आधी दहा आणून आपल्या नळ्यांवर पालथे घालून बघा. दुसऱ्या कुंभाराचा नळा बहुतेक वेळा एक तर डुगडुगतो, नाही तर दोन्ही बाजूंना टेकून मधे फट ठेवतो.

नव्या नळ्यांसाठी मी फळीचे दोन अर्धगोल कापले, एक रुंद तोंडाच्या आतल्या बाकाचा, एक अरुंद तोंडाचा, आणि लांबीची एक काठी केली. हे घेऊन कुंभारकाकांकडे गेलो. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "हे माप भाजल्यावरचं की ओल्या मातीचं?" सगळी मेख या प्रश्नात आहे. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, आणि किती आक्रसते ते प्रत्येक मातीचं वेगळं. काकांनी त्यांच्या मातीची एक पट्टी केली, ओली असताना तिच्यावर दहा सेंटिमीटर अंतराने दोन रेघा ओढल्या आणि पुढच्या भट्टीत भाजली. रेघांमधलं अंतर नऊ भरलं. म्हणजे शंभरात दहा गेले. साडेबावीसचा नळा हवा तर ओला पंचवीसचा घडवायला हवा, आणि त्याच प्रमाणात दोन्ही फळ्याही मोठ्या करायला हव्यात. मी जुन्या मापाच्याच फळ्या आणि काठी देऊन आलो असतो तर सगळे नळे सव्वावीस सेंटिमीटरचे झाले असते.

नमुन्याचे वीस नळे आधी भाजून घ्या आणि दोन गोष्टी बघा. नळा उताणा ठेवून दोन्ही तोंडं चिकणमातीने बंद करायची, आत पाणी भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी खालची बाजू दमट लागली तर चालेल; थेंब लोंबत असतील तर भाजणी कच्ची आहे. दुसरं, तोच नळा चार-पाच दिवस ओला ठेवून अंगावर पांढरे ठिपके फुटतात का ते पाहायचं. खाडीकडच्या मातीत शिंपल्यांचे बारीक तुकडे असतात. भाजल्यावर त्यांचा चुना होतो, पाणी लागलं की तो फुगतो आणि नळ्याचा टवका उडवतो. आमच्या नमुन्यात असे ठिपके आले. काकांनी माती बारीक चाळणीतून पुन्हा गाळली, मग ठिपके यायचे थांबले.

आता रीप. नव्या-जुन्या नळ्यांतला सर्वांत आखूड घ्यायचा, सरासरी नव्हे. आमचा आखूड नळा साडेएकवीसचा. खालच्या नळ्यावर वरचा चार बोटं, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर तरी चढला पाहिजे, कारण समुद्राकडचा वारा पाऊस उलटा वर चढवतो. उरले पंधरा. हे रिपांमधलं जास्तीत जास्त अंतर. आढ्यापासून वळचणीपर्यंत वाशाची लांबी होती 430 सेंटिमीटर. पंधराने भागलं तर अठ्ठावीस ओळी होऊन थोडं उरतं. अशा वेळी अंतर वाढवून अठ्ठावीस ओळींत बसवायचा मोह सुताराला होतो. तिथे ठाम राहा. ओळी एकोणतीस करायच्या आणि अंतर पावणेपंधराच्या थोडं वर आणायचं. चढ कमी झाला की पहिल्याच वादळी पावसात कळतं.

आडवं अंतर कागदावर काढण्यापेक्षा मांडून बघा. अंगणात दोन वासे छपराच्याच उतारावर टेकवले, चार-पाच रिपा बांधल्या आणि तीन पन्हळी, म्हणजे उताण्या नळ्यांच्या उभ्या रांगा, मांडल्या. उताण्या नळ्याचं रुंद तोंड आढ्याकडे, अरुंद खाली, म्हणजे त्याचं पाणी खालच्या नळ्याच्या रुंद तोंडात पडतं. पालथ्याचं उलट, रुंद तोंड वळचणीकडे. पालथ्याच्या दोन्ही कडा शेजारच्या दोन उताण्यांच्या आत नीट उतरल्या तेव्हा पन्हळींचं अंतर सतरा सेंटिमीटर भरलं. घराची लांबी दहा मीटर वीस, म्हणजे साठ पन्हळी. छपराच्या एका पाख्याला साठ गुणिले एकोणतीस, आणि जेवढे उताणे तेवढेच पालथे म्हणून त्याची दुप्पट, 3480 नळे. दोन पाख्यांना 6960. जुने 4200 वजा जाता, फुटीचे धरून तीन हजार नवे सांगितले.

नवे सगळे उताणे घातले, पालथे सगळे जुने; उताण्यांत कमी पडले तिथे उरलेल्या जुन्यांतले निवडून घातले. सगळं पाणी उताण्यातून वाहतं, तिथे पारखलेला नळा हवा. वर दिसतात ते जुनेच, त्यामुळे घराचा चेहराही बदलला नाही.

रिपांसाठी आम्ही चिव्याच्या, म्हणजे भरीव बांबूच्या, काठ्या वापरल्या. तीन वर्षांवरचा, पाऊस संपल्यावर तोडलेला चिवा वाहत्या व्हाळात काही आठवडे बुडवून ठेवला. त्यातला गोडवा पाण्यात उतरतो, मग भुंगा लागत नाही. काठीच्या पेरांमुळे आणि खडबडीतपणामुळे नळा धरून राहतो. लाकडाच्या रिपा करायच्या तर किंजळ किंवा ऐनाच्या, करवतीने कापलेल्या तशाच, रंधा न मारता. चिव्याला खिळा मारला तर तो उभा चिरतो, म्हणून काथ्याच्या सुंभाने बांधला. लाकडी रिपांना खिळे लागतीलच. समुद्राजवळ साधा लोखंडी खिळा खाऱ्या हवेने गंजून लाकूडही खातो, तेव्हा जस्ताचा मुलामा दिलेले घ्या.

रिपा बांधण्याआधी पहिल्या आणि शेवटच्या वाशावरून दोरी ताणा. मधला वासा बसलेला असेल तर त्याच्यावर पाचर देऊन सगळ्या रिपा एका पातळीत आणा, नाहीतर खोलगट भागात पालथे नळे उचलले जातात. आणि वळचणीची शेवटची रीप इतरांपेक्षा नळ्याच्या जाडीएवढी उंच हवी. वरच्या प्रत्येक नळ्याला खाली दुसऱ्या नळ्याचा आधार असतो, शेवटच्याला नसतो. ती उंची दिली नाही तर शेवटची ओळ खाली झुकते आणि तिच्या वरची फट उघडते.

आढ्यावरचे मोठे नळे चुन्यात बसवा. सिमेंट छपराबरोबर हलत नाही, भेगाळतं.

पहिल्या पावसात आत दिवा घेऊन फिरा. ओल दिसेल त्याच्या बरोबर वर नळा फुटलेला नसतो. पाणी वाशावरून ओघळत खाली येतं, म्हणून डागापासून आढ्याच्या दिशेने शोधत जा.

वेळेचं गणित मात्र आजच करा. नळे वाळायला कोरडी हवा लागते, म्हणून कुंभाराला दिवाळीच्या सुमारास सांगायचं, शिमग्यापर्यंत माल आणायचा, शिमग्यानंतर छप्पर उतरवायचं आणि मृगाआधी आढं बंद करायचं. जवळपास चाक चालवणारा कुणीच उरला नसेल, तर घरातले सगळे चांगले नळे दर्शनी पाख्यावर एकत्र करा आणि मागच्या पाख्यावर मंगलोरी घाला, त्याच्या रिपा त्याच्या अंतराने, दुपटीहून लांब. एकाच पाख्यावर दोन्ही मिसळू नका. त्या दोघांचा सांधा कुठल्याही सुताराला कोरडा ठेवता येत नाही.