चौकटीबाहेर न जाणारी खिडकी

दुपारी आमच्या कंपनीचं फेसबुक पेज सांभाळणाऱ्या मॅडमचा फोन आला. "सर, कॉपीराइटचा भंग झाला म्हणून आपलं पेज २४ तासांत बंद करतायत. अपील करायला पासवर्ड टाकला, आता सहा आकडी कोड मागतायत. देऊ का?"

"कशालाच हात लावू नका, मी आलो," म्हणालो. संगणक-सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे.

नोटीस पेजच्या इनबॉक्समध्ये, ग्राहकांच्या मेसेजांमध्येच आली होती. पाठवणाऱ्याचं नाव Page Policy Support, खाली केस नंबर. असं नाव कुणीही आपल्या पेजला देऊ शकतं. शिवाय तक्रार कुठल्या व्हिडिओबद्दल, कुणी केली, याचा पत्ता नव्हता. खरी कॉपीराइट तक्रार नेमक्या मजकुरावर बोट ठेवते. मी माझ्या संगणकावरून पेजची सेटिंग उघडून पाहिली, तिथे एकही नोंद नव्हती.

लिंकवरच्या पानाचा पत्ता साधारण असा होता:

```
https://facebook.com.page-appeal.example/form
```

सुरुवातीला ओळखीचं नाव दिसतं आणि डोळा तिथेच थांबतो. पण `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपाशी जाऊन तिथून मागे वाचायचं. मालक `page-appeal.example`, आधीचं सगळं सजावट.

"पण लॉगिनच्या खिडकीत तर facebook.com आहे, कुलूपही आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. 'लॉगिन करा' दाबल्यावर छोटी खिडकी उघडली होती आणि तिच्या पत्त्यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं. खरं सांगायचं तर कारागिरी सुरेख होती.

मी ती खिडकी माउसने धरून बाजूला ओढली. ब्राउझरच्या कडेला जाऊन ती अडकली. खरी खिडकी बाहेर डेस्कटॉपवर येते. ही पानाच्या आतच रंगवलेली, तिची पत्त्याची पट्टी आणि कुलूप म्हणजे नुसतं चित्र. मोबाइलवर ही ओढाओढ जमत नाही. पण आणखी एक खूण होती: मॅडमचा पासवर्ड मॅनेजर रोज आपणहून पासवर्ड भरतो, आज गप्प होता. तो चित्र बघत नाही, पानाचा खरा पत्ता ताडून पाहतो. मॅडमनी पासवर्ड हाताने टाकला होता.

कोड मागण्याचं कारण सरळ होतं. पलीकडचा माणूस त्याच क्षणी तोच पासवर्ड खऱ्या साइटवर टाकत असतो. तिथे कोड विचारला की तो तुमच्याकडे मागतो. कोड थोडाच वेळ चालतो, म्हणून घाई.

पत्ता हाताने टाइप करून आम्ही खरी साइट उघडली, पासवर्ड बदलला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं. खात्याचा ईमेल, फोन नंबर आणि पेजच्या अॅडमिनची यादी तपासली. नवं कुणी घुसलं नव्हतं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "मेललाही हाच पासवर्ड आहे." तो लगेच बदलला, आणि मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम कुणी लावून ठेवला नाही ना, हेही पाहिलं.