चिक्कीचा एक पैसा

आमच्या एका ग्राहकाचं खाद्यपदार्थांचं ऑनलाइन दुकान आहे. सगळे भाव पूर्ण रुपयांत, त्यामुळे हिशोबाची तक्रार कधी आली नव्हती. दिवाळीच्या सेलमध्ये त्यांनी पहिल्यांदाच शेवटी .९९ असलेले भाव लावले आणि सकाळी त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. "अहो, लोकांचे पैसे कापले जातायत आणि ऑर्डरी 'पेमेंट अपूर्ण'मध्येच पडून आहेत. आणि त्या सगळ्या फक्त चिक्कीच्या!"

चिक्कीचं पाकीट १९.९९ रुपयांना होतं. शेजारचे २९.९९ चे लाडू आणि ४९.९९ चा चिवडा सुरळीत जात होते. चिक्कीशी कोडचं वैर असायचं कारण नव्हतं, म्हणून एक अडकलेली ऑर्डर उघडली. बिल १९.९९, पण पेमेंट गेटवेकडे मागणी गेली होती १९९८ पैशांची. पैसे जमा झाल्यावर आमची प्रणाली दोन्ही रकमा ताडून बघायची, एक पैसा कमी दिसायचा आणि ऑर्डर तिथेच थांबायची.

गेटवेला रक्कम पैशांत लागते, म्हणून जुन्या कोडमध्ये रुपयांना शंभरने गुणून अपूर्णांक छाटलेला होता. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तेच करून पाहिलं:

```js
19.99 * 100              // 1998.9999999999998
Math.floor(19.99 * 100)  // 1998
Math.floor(29.99 * 100)  // 2999
```

संगणक अपूर्णांक दोनाच्या घातांत साठवतो. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३ असा लिहीत गेलं तरी संपत नाही, तसा १९.९९ द्विमानात संपत नाही. मग तो जवळच्या आकड्यावर थांबतो, साधारण `19.9899999999999984` वर. २९.९९ मध्येही नेमकी एवढीच तूट असते. पण आकडे मोठे होत गेले की साठवता येणाऱ्या दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतरही वाढतं. २०४८ ओलांडताना ते दुप्पट होतं, म्हणून २९.९९ च्या गुणाकारातली तूट २९९९ मध्ये जिरून गेली. १९९९ त्या रेषेच्या अलीकडे असल्यामुळे चिक्कीची तूट उघडी पडली.

शंभर पैशांपैकी अचूक साठवता येतात फक्त ००, २५, ५० आणि ७५. चाचणीत वापरलेले भाव २५० आणि ९९.५० असे होते, म्हणजे बरोबर त्यातलेच. शिवाय पानावर रक्कम दाखवताना `toFixed(2)` लावलेलं, त्यामुळे डोळ्यांना सगळीकडे १९.९९ च दिसायचं.

सहकारी म्हणाला, "`floor` काढून `Math.round` टाकू, मोकळे होऊ." ऑर्डरी सोडवण्यासाठी दुपारपर्यंत तेवढंच केलं आणि त्या सुटल्याही. पण त्याच दुकानात टक्केवारीची कूपनं होती. १००.५० रुपयांवर १ टक्का सूट म्हणजे १.००५ रुपये, म्हणजे शंभर पैसे आणि वर अर्धा पैसा. अर्धा पैसा वर न्यायचा असा त्यांचा नियम होता, तेव्हा सूट १.०१ हवी. `Math.round(1.005 * 100)` मात्र १०० देतं, कारण साठवलेला १.००५ मुळातच किंचित कमी असतो. आपण गोल करायला पोचतो तेव्हा अर्धा पैसा अर्धा उरलेलाच नसतो.

म्हणून सगळी रक्कम पूर्णांक पैशांत साठवायचं ठरवलं. डेटाबेसमधला `price` हा `DOUBLE` कॉलम जाऊन `price_paise` हा `BIGINT` आला. साधा ३२ बिटांचा `INT` २.१४ कोटी रुपयांच्या आसपास भरतो. एका ऑर्डरला पुरेल, वर्षाच्या बेरजेला नाही. जुने भाव आणताना `ROUND(price * 100)` वापरलं, छाटणी केली असती तर चिक्की कायमची १९.९८ झाली असती. व्यवस्थापकाने टाइप केलेला "19.99" आता अपूर्णांकात जातच नाही, टिंबाच्या दोन्ही बाजूंचे अंक वेगळे वाचून जोडले जातात. टक्का काढायचा तर आधी गुणायचं, मग ५० मिळवून शंभरने भागायचं आणि बाकी सोडायची: १००५० चा १ टक्का १०१.

पूर्णांकांनी गोल करणं टळत नाही, ते कुठे करायचं हे मात्र आपल्याला लिहावं लागतं. एक रुपयाची सूट सारख्या किमतीच्या तीन वस्तूंवर वाटली की ३३, ३३, ३३ होतात आणि एक पैसा उरतो. तो कुणाच्या नावावर टाकायचा, यावर मॅडमशी बराच वेळ बोलणं झालं. "पहिल्या ओळीवर टाका," त्या म्हणाल्या, "पण दर वेळी पहिल्याच. परतावा देताना मला तो शोधत बसायला लावू नका."

कॉलमचं नाव बदलल्यामुळे जुना कोड जिथे जिथे उरला होता तिथे लगेच मोडला आणि सापडला. सुटलं ते फक्त लेबल छापायचं पान. ते कॉलम नावाने न मागता क्रमाने उचलायचं आणि पुढे '₹' चिकटवायचं. दुसऱ्या दिवशी गोदामातून फोटो आला: राजगिरा चिक्की, ₹१९९९.