डावा कान, ९ मिलिमीटरची गाठ आणि थांबायचा निर्णय

फोन मी कायम डाव्या कानाला लावायचो, उजव्या हातात पेन. दोन वर्षांपूर्वी असं व्हायला लागलं की पलीकडचा आवाज नीट येतोय पण शब्दच कळत नाहीयेत, "सत्तावीस" म्हणाला की "सदतीस" तेच समजेना, आणि तोच फोन उजव्या कानाला लावला की सगळं लख्ख. मी चिडून फोन बदलला (साडेअकरा हजार गेले). मग कानात मळ असेल म्हणून थेंब, मग सर्दी म्हणून गोळ्या, यात सात-आठ महिने गेले. रात्री त्याच कानात बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, तोही मी कुणाला सांगितला नाही.

शेवटी बायकोने धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं, आवाज कुठल्या कानात येतोय? मी म्हटलं उजव्या, म्हणजे चांगल्या. ते म्हणाले, मळ किंवा पडद्याचा प्रॉब्लेम असता तर खराब कानात मोठा आला असता, हे आतलं दिसतंय, नसेचं. मग ऑडिओग्राम. उजवा कान नॉर्मल, डाव्याचा आलेख वरच्या सुरांना घसरत ६५ डेसिबलपर्यंत गेलेला. पण डॉक्टर थांबले ते दुसऱ्या टेस्टवर, त्यात शब्द ऐकवतात आणि आपण म्हणून दाखवायचे. उजव्या कानाने सगळे बरोबर, डाव्याने शंभरातले ४८, आणि तेही आवाज भरपूर वाढवून. ते म्हणाले, एवढ्या बहिरेपणात शब्द याहून जास्त कळायला हवेत, आणि एकाच कानाला असं असेल तर एमआरआय केल्याशिवाय मी सोडत नाही.

एमआरआयच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, कारण शिरेतून कॉन्ट्रास्ट देतात आणि किडनी ठीक आहे ना ते बघावं लागतं. चिठ्ठीवर नुसतं 'ब्रेन' नव्हतं, कानाच्या आतल्या बोगद्याचे बारीक स्लाइस असं मुद्दाम लिहिलेलं. साध्या ब्रेन एमआरआयच्या जाड स्लाइसमध्ये छोटी गाठ निसटू शकते, सीटी स्कॅनमध्ये तर आणखीच. पाऊण तास ठकठक ऐकत पडलो. नंतर फिल्मवर बघितलं तर कानाकडून मेंदूकडे जाणारी नस ज्या हाडाच्या बोगद्यातून जाते त्यात डावीकडे वाटाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका, उजवीकडे काही नाही. कॉन्ट्रास्टने गाठ अशी उजळते. ९ मिलिमीटर. नाव अकूस्टिक न्यूरोमा, म्हणजे ऐकण्याच्या नसेची गाठ वाटावी असं, पण ती निघते तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून, आणि कॅन्सर नाही. हे शेवटचं वाक्य मी तीनदा विचारलं.

मला वाटलं आता ऑपरेशनची तारीख. न्यूरोसर्जन म्हणाले, घाई कशाला? त्याच बोगद्यातून चेहऱ्याची नस जाते, तिला धक्का लागला तर अर्धा चेहरा लुळा पडू शकतो, डोळा मिटत नाही. कानामागून हाड पोखरून थेट गेलं तर उरलेलं ऐकणं नक्की संपणार, दुसऱ्या वाटेने वाचवायचा प्रयत्न होतो पण माझ्या ४८ मध्ये फार हाती लागेलसं त्यांना वाटत नव्हतं. गामा नाइफ म्हणजे चाकू नाही, नेमके किरण सोडायचे, त्याने गाठ निघत नाही, वाढ थांबवायचा प्रयत्न असतो, आणि ऐकणं पुढे तरीही उतरू शकतं. आणि बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं वाढतच नाहीत. म्हणून सहा महिन्यांनी परत एमआरआय, मग दरवर्षी.

सहा महिन्यांनी रिपोर्टवर १० मिलिमीटर. घरात रडारड. सर्जननी दोन्ही सीडी एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी लावल्या, त्याच जागेचा स्लाइस काढून स्वतः मोजलं आणि म्हणाले, ही वाढ नाही, स्लाइस थोडा इकडे-तिकडे झाला की एवढा फरक पडतो, निदान २ मिलिमीटर वाढल्याशिवाय मी तिला वाढ म्हणत नाही. तेव्हापासून मी सेंटर बदलत नाही आणि जुनी सीडी सोबत नेतो, नुसत्या रिपोर्टचा कागद बघून काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र आधी नीट डोक्यात शिरली नव्हती. थांबायचं म्हणजे कान आहे तसा राहतो असं नाही. पुढच्या वर्षी गाठ १० वरच, पण शब्द ४८ वरून ३६ वर. साधं कानाचं मशीन लावून बघितलं, तर गोंगाटच मोठा झाला. सध्या क्रॉस प्रकारचं ट्रायलवर आहे, डाव्या बाजूचा माइक आवाज उचलून उजव्या कानात पोचवतो, हॉटेलमध्ये त्रास देतं, गाडीत बरं.

पुढचा एमआरआय फेब्रुवारीत. गाठ बोगद्याबाहेर मेंदूच्या बाजूला सरकली किंवा वर्षात २-३ मिलिमीटरने वाढली तर गामा नाइफ की ऑपरेशन ते ठरवायचं, असं सर्जनशी बोलून ठेवलंय. तोवर पंगतीत डावी बाजू भिंतीकडे करून बसतो, म्हणजे वाढपी भात विचारतोय की कढी ते तरी कळतं.