साका, पेटी आणि दुसऱ्यांच्या कमेंट्स

«तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, तुम्ही कॉम्पिटिटरची पेजेस बघून कंटेंट ठरवता म्हणे, मग ते कॉपी नाही का झालं? आणि त्यात नेमकं बघता काय?"»

त्यांच्या पोस्ट मी मोजते, पण वाचते त्यांच्या खालच्या कमेंट्स. सगळा फरक तिथेच आहे, आणि तो मला देवगडच्या एका आंबा बागायतदार काकांचं इन्स्टाग्राम सांभाळताना कळला, म्हणून तेच सांगते.

आधी चूक सांगते. पहिल्या सीझनला मी सरळ सगळ्यात मोठं हापूसचं अकाउंट उघडलं, त्यांचं कुठलं रील जास्त चाललंय ते बघितलं (सुरीने आंबा कापतात, गर चमकतो, मागे त्या आठवड्याचं गाजलेलं गाणं) आणि तसंच्या तसं काकांच्या पडवीत शूट करून टाकलं. व्ह्यूज आले, खूप आले. पण डीएममध्ये लोक विचारत होते ते त्या दुसऱ्या ब्रँडच्या पेटीचा भाव, कारण त्यांना वाटलं हे त्यांचंच पेज आहे. ऑर्डर एकही नाही. काकांनी एवढंच विचारलं, "यात माझी बाग कुठे दिसते गं?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मला फार लागलं, कारण त्या माणसाने वर्षभर कलमांना जपून आंबा आणलेला आणि मी त्याला दुसऱ्याचा शर्ट घालून बाजारात उभं केलं होतं.

पुढच्या जानेवारीत, म्हणजे आंबा झाडावर असतानाच, शीट घेऊन बसले. सात अकाउंट निवडली. तीन काकांच्याच तोलामोलाची, घरून पेट्या पाठवणारी. दोन मोठी, जाहिरात करणारी. उरलेली दोन आंब्याची नाहीतच, एक कोकम-आगळ-फणसपोळी विकणारं आणि एक ड्रायफ्रूटचे गिफ्ट बॉक्स करणारं, कारण पुण्या-मुंबईतला जो माणूस मे महिन्यात ऑफिसमध्ये आंब्याची पेटी भेट देतो तोच दिवाळीला ते बॉक्स घेतो. प्रत्येकाच्या ३० पोस्ट, पण अलीकडच्या नाहीत हं, खाली स्क्रोल करत जाऊन मागच्या मार्च ते मे मधल्या. आंब्याच्या पेजची नोव्हेंबरमधली पोस्ट बघून काय कळणार? आणि वर पिन केलेल्या पोस्ट सोडून द्यायच्या, त्या मालकाने स्वतः निवडून वर ठेवलेल्या असतात, त्याने चित्र बिघडतं.

शीटमध्ये रकाने थोडेच: तारीख, रील की फोटो की कॅरोसेल, विषय एका ओळीत, लाइक्स, कमेंट्स किती, आणि शेवटचा रुंद रकाना कमेंटमधले प्रश्न जसेच्या तसे. स्क्रीनशॉट एकही नाही. हे मी मुद्दाम करते, कारण फोटो समोर राहिला की हात आपोआप तसंच काढायला जातो. त्यांचं वाक्य, त्यांची सुरुवात, त्यांचं गाणं यातलं काहीही लिहून घ्यायचं नाही, फक्त विषय.

आता लाइक्सचं. इथे बहुतेक लोक फसतात म्हणून जरा थांबते. एका अकाउंटच्या २९ पोस्टना शंभरच्या आसपास लाइक्स होते आणि एका रीलला ९,०००. सरासरी काढली तर जवळपास चारशे येते, आणि असं वाटतं की बापरे यांची प्रत्येक पोस्ट चारशेची, आपण कुठे. खरं तर त्यांचीही नेहमीची पोस्ट शंभरचीच. म्हणून सरासरी नाही, तीसही आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यायचा, आणि मग त्या अकाउंटची कुठली पोस्ट त्यांच्या स्वतःच्या मधल्या आकड्याच्या किती वर गेली ते बघायचं. मोठ्या पेजची लहान पेजशी तुलना करायचीच नाही, प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशी. ते ९,००० वालं रील उघडून बघितलं तर खाली "तीन मित्रांना टॅग करा आणि एक पेटी जिंका" होतं. म्हणजे ते आंब्याचं यश नव्हतंच, फुकट पेटीचं होतं. अशा पोस्टपुढे मी खूण करून बाजूला ठेवते. तसंच पैसे लावून पुढे ढकललेल्या पोस्टचं. मेटाच्या जाहिरात लायब्ररीत कुणाच्या जाहिराती आत्ता चालू आहेत ते कुणालाही बघता येतं, सीझनमध्ये तिथे एक फेरी मारली की पुष्कळ उलगडा होतो. बाकी दुसऱ्याची पोस्ट किती जणांपर्यंत पोचली, किती जणांनी सेव्ह केली हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कुणी "त्यांचा रीच इतका" असं छातीठोक सांगितलं तर मी मान डोलवत नाही.

तर २१० पोस्टमध्ये निघालं काय? कापलेल्या आंब्याचे फोटो-रील, भाव आणि बुकिंग, ऑफर, थोडी बाग, थोड्या रेसिपी. "कार्बाइडमुक्त" हा शब्द आंब्याच्या जवळजवळ प्रत्येक पेजवर. बघितल्या बघितल्या वाटलं सगळं झाकलंय, आपल्याला जागाच नाही.

मग शेवटचा रकाना वाचला. भाव काय, डिलिव्हरी कुठे, हे प्रश्न सगळ्यात जास्त, पण त्यांना उत्तरं मिळत होती. त्याखाली दोन प्रकारचे प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते आणि सातपैकी एकाही पेजने त्यावर पोस्ट केलेली नव्हती. एक, "पेटी आली, आंबे हिरवे आहेत, आता काय करू, फ्रीजमध्ये ठेवू का?" आणि दुसरा, "वरून मस्त पिवळा होता, कापला तर आत पांढरा आणि आंबूस निघाला, फसवलंत." दुसऱ्या प्रकाराला बहुतेक ठिकाणी उत्तर "प्लीज डीएम करा", काही ठिकाणी तेही नाही.

तो पांढरा म्हणजे साका. कोकणात लहान पोराला विचारा, सांगेल. कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा होतो आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाहेरून काही कळत नाही, आंबा हातात घेऊन वास घेतला तरी नाही. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं किंवा तोडल्यावर तापलेल्या जमिनीवर पडून राहिलं की तो वाढतो, म्हणून जाणते लोक आंबा चौदा आणे तयार झाला की झेल्याने देठासकट उतरवतात आणि लगेच सावलीत नेतात. एवढं करूनही पेटीत एखादा निघतोच. मग कुठलंच पेज यावर का बोलत नाही? माहिती नाही म्हणून नाही, भीतीने. साक्याचं नाव काढलं तर गिऱ्हाईक म्हणेल यांच्याकडे साका असतो. म्हणजे ही रिकामी जागा त्यांच्या डोळ्यांतून निसटली नव्हती, त्यांनी ती ठरवून रिकामी ठेवली होती.

इथे मी काकांना फोन केला, कारण अशी जागा भरायची तर नुसतं लिहून भागत नाही, मागे काहीतरी असावं लागतं. म्हटलं काका, साका निघाला तर तुम्ही काय करता? म्हणाले, "फोटो पाठवला की तेवढे आंबे पुढच्या पेटीत टाकून देतो, वडील द्यायचे तसं." बस्स. हे त्यांच्याकडे कित्येक वर्षं होतं आणि पेजवर कुठेही नव्हतं. असं काही नसतं तर मी ती पोस्ट केलीच नसती. गॅप आपल्याला दिसली म्हणजे ती आपलीच असं होत नाही.

उलटंही सांगते. कुणीच हापूसच्या नावाचा इतिहास सांगत नव्हतं, तो अफोन्सो द अल्बुकर्क वगैरे. मला स्वतःला फार आवडला असता तो विषय. पण इतक्या कमेंट्समध्ये एकाही माणसाने तो विचारला नव्हता, काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही नाही. जागा रिकामी होती कारण तिथे कुणाला यायचंच नव्हतं. प्रश्न निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी विचारलेला दिसला तरच मी त्याला गॅप म्हणते.

मग शीट बंद केली. दोन दिवस कुणाचंही पेज उघडलं नाही. हातात फक्त दोन प्रश्न, उत्तरं सगळी काकांच्या घरातून. पेटी उघडण्याचं रील काकूंनी केलं, त्यांच्या माजघरात, जमिनीवर पेंढा पसरून आंबे एकेरी थरात मांडले आणि चार दिवस रोज सकाळी त्याच जागेवरून मोबाईलने शूट. चौथ्या दिवशी एक आंबा उचलून त्या म्हणाल्या, "साल थोडी सुरकुतली की घाबरू नका, तोच गोड. देठाकडे नाक न्या, वास घरभर नसला तर अजून एक दिवस थांबा. पिकायच्या आधी फ्रीज नाही." स्क्रिप्ट मी लिहिली नव्हती. साक्याच्या रीलमध्ये काकांनी स्वतः साका असलेला आंबा कापून दाखवला, असा का होतो ते सांगितलं, आणि निघाला तर फोटो पाठवा म्हणाले.

टाकायच्या आधी मी एकच गोष्ट तपासते. पोस्टवरचं नाव झाकायचं आणि विचारायचं, ही त्या सातपैकी कुणाच्याही पेजवर खपेल का? पहिल्या सीझनचं रील आंब्याच्या पाचही पेजवर खपलं असतं. काकूंचं माजघर कुठेच खपणार नव्हतं.

साक्याच्या रीलला लाइक्स आधीच्या नकली रीलपेक्षा खूपच कमी आले, हे खरं आहे आणि काकांना ते मी आधीच सांगून ठेवलं होतं. पण सेव्ह आणि शेअर आमच्या पेजवर तोपर्यंतच्या कुठल्याही पोस्टपेक्षा जास्त, आणि आपल्या स्वतःच्या पेजचे हे आकडे आपल्याला दिसतात. "फ्रीजमध्ये ठेवू का" विचारणाऱ्याला काका आता टाइप न करता काकूंचं रील पाठवतात. साक्याच्या फोटोंसोबत येणारा सूरही बदलला, आधी "फसवलंत" असायचं, आता "काका, दोन निघाले, पुढच्या पेटीत बघा" असतं.

गेल्या एप्रिलमध्ये त्या सातपैकी एका पेजनेही साक्यावर रील केलं, त्यांच्या बागेत, त्यांच्या भाषेत, चांगलं केलंय. मी शीटमध्ये त्या रकान्यात तारीख टाकली आणि त्यांच्या कमेंट्स वाचायला घेतल्या. खाली बऱ्याच जणांनी विचारलंय की चौदा आणे म्हणजे काय आणि ते झाडाखाली उभं राहून ओळखायचं कसं. काकांना विचारलं, तर म्हणाले, "मार्चमध्ये ये, दाखवतो."