कंसात कारण

३० एप्रिल, रात्री साडेदहा

उद्या बाईंचा निरोप समारंभ. पत्रिकेवर ‘सेवापूर्ती सोहळा’ छापलंय, पण गावात सगळे निरोप समारंभच म्हणतात. बाईंची जन्मतारीख १ जून. आमच्या भागात निम्म्या लोकांची हीच तारीख असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती जन्मतारीख. खरा जन्म दिवाळीतला, पाडव्याच्या आसपासचा, असं बाईंनीच एकदा वर्गात सांगितलं होतं. तर एक तारखेला जन्म म्हटल्यावर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ३१ मेला, अठ्ठावन्न पूर्ण धरून निवृत्ती. तेव्हा शाळेला सुट्टी. म्हणून उद्या एक मेला झेंडावंदन, मग निकाल आणि त्याच मांडवात बाईंचा कार्यक्रम. मुलं आयतीच जमलेली असतात.

माजी विद्यार्थ्यांतर्फे मी बोलायचं ठरलंय. मला का निवडलं ते माहीत आहे. मी भूमी अभिलेखात भूकरमापक आहे आणि बाईंनी आम्हाला भूमिती शिकवली, तेव्हा कुणाला तरी त्यात शोभा दिसली असणार.

चार दिवस भाषण लिहितोय. पहिला खर्डा आज संध्याकाळी आईला वाचून दाखवला. ती ओट्यावर वर्षाचे गहू निवडत होती. मी सुरुवात केली, “बाई कर्तव्यदक्ष होत्या, शिस्तप्रिय होत्या, विद्यार्थ्यांवर त्यांचं पोटच्या मुलांसारखं प्रेम होतं.” आईचा हात सुपातच थांबला. म्हणाली, “कधी गेल्या रे बाई?”

मी हसलो, पण कागद परत पाहिला तर घामच फुटला. पानभर ‘होत्या’. खाली ‘त्यांची उणीव सदैव भासत राहील’. वर एक काळी चौकट आखली असती तर उद्या सकाळी पेपरात देता आला असता. माझ्या एकट्याचंच असं झालं असेल असं वाटत नाही. निरोपाची भाषणं आपण ऐकतो कमी आणि शोकसभा ऐकतो जास्त, म्हणून हात आपोआप तिकडं वळतो. मग एकेक क्रियापद दुरुस्त केलं. स्वभाव सांगायचा तर ‘आहेत’. वर्गातली आठवण सांगायची तर ‘यायच्या’, ‘शिकवायच्या’, कारण तो वर्ग खरंच संपला, बाई संपल्या नाहीत. एवढ्यानंच भाषणाला जीव आला. बाई समोर खुर्चीत बसलेल्या दिसायला लागल्या.

दुसरी अडचण लांबीची. घड्याळ लावून वाचलं तर अकरा मिनिटं. माझ्या आधी पाच वक्ते आहेत, मे महिना आहे, मांडव पत्र्याचा आहे. पाच मिनिटांच्या वर गेलं तर मुलं पाणी प्यायला उठणार आणि एक उठला की रांग लागते. कापायला बसलो, पण काय कापावं तेच सुचेना, सगळंच चांगलं वाटत होतं.

आणि तेव्हा बाईंचीच युक्ती आठवली. पक्ष, साध्य, सिद्धता. सिद्धतेत डावीकडं विधान लिहायचं आणि उजवीकडं कंसात कारण. कंस मोकळा सोडला की बाई त्यावर लाल गोल करायच्या आणि त्या पायरीचा गुण जायचा, उत्तर बरोबर असलं तरी. मी तेच केलं. प्रत्येक विशेषणापुढं कंस काढला आणि आत काय लिहिता येतंय ते बघितलं.

वक्तशीर: (एसटी चुकली त्या दिवशी दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मधे उभ्या राहून आल्या, प्रार्थनेला हजर). राहिलं.

हसतमुख: कंस मोकळा. बाई दहावीच्या वर्षात दोनदा हसल्या असतील. खोडलं.

मनमिळाऊ: हे शिक्षकांच्या खोलीतल्यांनी सांगावं, मी तिथं फक्त वह्यांचा गठ्ठा ठेवायला जायचो. खोडलं.

विद्यार्थिप्रिय: खोटं कशाला बोला, आम्ही टरकून असायचो. खोडलं.

संस्कृत श्लोक आणि ‘आयुष्याची दुसरी इनिंग’ हे दोन्ही काढून टाकलं. सूत्रसंचालक म्हणणारच आहेत, दोनदा कशाला.

‘प्रेमळ’पाशी अडलो. खोडवेना आणि कंसात काही सुचेना. तसंच ठेवलंय, झोपेत काही आठवलं तर बघू.

आणखी एक, ‘आपण’ की ‘तुम्ही’? छापील भाषणात ‘आपण’ असतं, पण बाईंना जन्मात कधी ‘आपण’ म्हटलेलं नाही. उद्या पहिल्यांदा म्हटलं तर त्यांनाच वाटेल हा कुणा दुसऱ्याशी बोलतोय. म्हणून लोकांशी बोलताना ‘बाई’ आणि शेवटी त्यांच्याकडं वळून ‘तुम्ही’.

१ मे, रात्री

पार पडलं. माझा नंबर यायला साडेबारा वाजले. तोवर श्लोक तीनदा झाला होता आणि दुसरी इनिंगही सुरू होऊन गेली होती. एका वक्त्यांनी बाईंच्या आत्म्याला, असं म्हणून जीभ चावली आणि ‘आरोग्याला’ अशी दुरुस्ती केली. आई पहिल्या रांगेत बसली होती, तिनं माझ्याकडं पाहिलंच.

व्यासपीठावरची नावं घेतली नाहीत. आधीच्या पाचही जणांनी घेतली होती. ‘अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापक सर आणि सर्व मान्यवर’ एवढ्यावर भागवलं. मुख्याध्यापकांना वेगळं म्हणायचं, नाहीतर ते लक्षात राहतं.

जे बोललो ते कागदावर आहे तसं उतरवून ठेवतो, निदान मधला भाग:

“मित्रहो, नववीत बाईंनी समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय शिकवलं. दोन बाजू एकरूप, तर त्यांच्या समोरचे कोन एकरूप. दुसऱ्या दिवशी मला फळ्यावर बोलावलं. मी आकृती काढली, पक्ष लिहिला, साध्य लिहिलं आणि सिद्धतेत एकाच ओळीत ‘दोन्ही कोन समान’ असं लिहून कंसात कारण दिलं, ‘आकृतीत दिसत आहे’. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू घेतला, माझ्या त्रिकोणाशेजारी मुद्दाम एक वेडावाकडा त्रिकोण काढला, एक कोन लहान, एक ढळढळीत मोठा. दोन बाजूंवर एकरूपतेच्या खुणा केल्या आणि म्हणाल्या, ‘हा पण समद्विभुज आहे असं मी सांगते. आता काय दिसतंय?’ मला काही बोलता येईना. म्हणाल्या, ‘माझी आकृती चुकीची आहे, प्रमेय नाही. आता आकृतीकडं न बघता सांग.’

“मग शिरोबिंदूपासून कोनाचा दुभाजक काढायला लावला. दोन त्रिकोण झाले. एक बाजू पक्षातून मिळाली, मधला कोन रचनेतून मिळाला, दुभाजक दोघांना सामाईक. बाकोबा कसोटीनं त्रिकोण एकरूप आणि म्हणून कोन एकरूप. तीन पायऱ्यांना अर्धा तास लागला. घंटा झाली तरी बाईंनी सोडलं नाही, पुढच्या तासाचे सर दारात उभे होते.

“आज मी लोकांच्या जमिनी मोजतो. शेतात गेलं की दोन्ही भाऊ बांधाकडं बोट दाखवून म्हणतात, ‘साहेब, हद्द तर दिसतेय की.’ बांध नांगरटीत दरवर्षी वीतभर सरकलेला असतो. मी जुना नकाशा काढतो, हद्दीचा दगड शोधतो, तिथून माप टाकतो. काहींना राग येतो. अशा वेळी मला फळ्यावरचा तो वाकडा त्रिकोण हटकून आठवतो. बाई, तुम्ही काढलेली तेवढी एकच चुकीची आकृती मी पाहिली आहे. नाहीतर शाळेच्या लाकडी कंपासचा पाय मोडलेला असताना सुतळीला खडू बांधून काढलेलं तुमचं वर्तुळसुद्धा जिथं सुरू व्हायचं तिथंच येऊन मिळायचं.”

इथं गडबड झाली. सिद्धता सांगताना मी घाईत शेवटच्या पायरीचं कारण गाळलं होतं. वाक्य संपवून श्वास घेतला तर व्यासपीठावरून आवाज आला, माइक नसताना स्वच्छ ऐकू आला, “आणि शेवटच्या ओळीला कारण?”

बाई शाल सावरत माझ्याकडं बघत होत्या. मांडीवर नारळ. मी चाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, आणि हात आपसूक मागे बांधले गेले. “एकरूप त्रिकोणांचे संगत कोन, बाई.”

“हं. पुढं.”

मांडव असा हसला की अध्यक्षांनाही हसावं लागलं. नववी-दहावीची मुलं तर सगळ्यात जास्त, त्यांना तो प्रश्न रोजचाच. मी पुढचा परिच्छेद सोडून दिला. तो बरा होता, पण त्यानंतर काय वाचणार? “बाई, तुमच्या सेवेची बत्तीस वर्षं पूर्ण झाली, प्रकृतीला जपा, आणि गावाकडं येणं सोडू नका,” एवढं म्हणून खाली बसलो. साडेपाच मिनिटं.

सत्काराला उत्तर देताना बाई फार बोलल्या नाहीत. निकाल लागलेल्या मुलांची नावं घेतली, नापास झालेल्या दोघांना जूनच्या आधी घरी यायला सांगितलं. घरी म्हणजे तालुक्याला, त्यांच्या घरी. पत्ताही माइकवरूनच सांगितला, कोणत्या स्टॉपला उतरायचं आणि डेअरीच्या कुठल्या बाजूनं वळायचं. आता ते काही पगाराचं काम नाही.

जेवणं झाल्यावर निघताना पाया पडलो. बाईंनी हात पुढं केला, मला वाटलं आशीर्वाद, तर म्हणाल्या, “कागद दे तो.” दिला. चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि गाडीत बसल्या.

आता अंथरुणावर पडल्यावर लक्षात येतंय की तो कालचाच खर्डा होता. खोडलेली विशेषणं, बाजूचे कंस, सगळं त्याच्यावर आहे. ‘हसतमुख’सुद्धा, त्यावरच्या रेघेसकट. आणि खाली ‘बाई प्रेमळ आहेत’, पुढं कंस, आत काही नाही. दुपारी त्या दोन पोरांना पत्ता सांगत होत्या तेव्हाच खिशातून पेन काढायला हवं होतं.