फोटो क्रमांक ७ : मोंबासाची पिन काढावी लागली

गेल्या वेळी मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की आजोबांच्या अल्बममधील सातव्या फोटोचा प्रश्न सुटला असून नकाशावरची पिन केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या थोड्या उत्तरेला लावून टाकली आहे. ती पिन मी परवा काढली. चूक कोठे झाली हे सविस्तर लिहितो, कारण ही चूक झाडांच्या ओळखीत झालेली नव्हती. दोन्ही झाडे मी बरोबर ओळखली होती आणि तरीही जवळजवळ साडेचार हजार किलोमीटरने चुकलो.

ज्यांनी आधीचे लेखन वाचले आहे त्यांना फोटो आठवत असेल. पांढऱ्या कडेवर फेब्रुवारी १९६७ छापलेला कृष्णधवल फोटो, मध्यभागी निष्पर्ण गोरखचिंच, तिच्यापुढे टोपी घातलेले आजोबा, उजवीकडे दगडी भिंत आणि मागे ताडासारख्या पानांची, पण खोडाला फाटे फुटलेली झाडे. आजोबा मालवाहू बोटीवर होते आणि मोंबासाला गेले होते, ही घरातली सर्वमान्य गोष्ट. गोरखचिंचेच्या एकूण ८ जातींपैकी ६ केवळ मादागास्करमध्ये, एक वायव्य ऑस्ट्रेलियात आणि उरलेली एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर नैसर्गिकरीत्या आढळते. फोटोतील झाड बुटके, रुंद आणि खालपासून फांद्या फुटलेले आहे. मादागास्करच्या प्रसिद्ध फोटोंत दिसणाऱ्या खांबासारख्या सरळ खोडाशी त्याचे काहीच साम्य नाही. म्हणजे ही आफ्रिकी जात. तिच्या जोडीला फाटे फुटणारा ताड, जो केनियाच्या किनाऱ्यावरही वाढतो. एवढा पुरावा हाती असताना मी आणखी शोधण्याचे कारणच नव्हते, असे मला तेव्हा वाटले.

धक्का दिला तो आमच्या मावशीच्या यजमानांनी. ते नोकरीनिमित्त चार वर्षे दीवला होते. गणपतीत घरी आले असता मी अल्बम पुढे केला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “अरे, हा तर रावणताड. आमच्या दीवला रस्त्याच्या कडेने हाच आहे. आणि मोंबासा कसले घेऊन बसलास?” मी गोरखचिंचेकडे बोट दाखवले, तर म्हणाले, “तीही आहे की तिथे.”

रावणताड म्हणजे Hyphaene dichotoma. Hyphaene या गटातील बहुतेक जाती आफ्रिकेतल्या असल्या, तरी ही एक जात भारताच्या पश्चिम किनाऱ्याची, गुजरात, दीव आणि महाराष्ट्राच्या किनारपट्टीची आहे. पोर्तुगिजांनी ती आफ्रिकेतून आणली असे अनेक जण सांगतात, परंतु वनस्पतिशास्त्रात तिची गणना येथील स्वतंत्र, स्थानिक जात म्हणून होते. गोरखचिंचेचे नेमके उलटे आहे. तिच्याखाली कोणत्या तरी सिद्धपुरुषाने तपश्चर्या केल्याच्या कथा ठिकठिकाणी ऐकू येतात, वसईपासून मांडूपर्यंत जुनी झाडे उभी आहेत, पण ती सारी आफ्रिकेतून माणसांबरोबर आलेली आहेत. थोडक्यात, माझ्या फोटोत आफ्रिकी दिसणारी दोन झाडे होती, त्यांपैकी एक पाहुणे आणि दुसरे घरचे. मी दोघांनाही आफ्रिकेचे नागरिकत्व देऊन बसलो होतो.

आता प्रश्न असा उरला की जी जोडी दोन्ही किनाऱ्यांवर सापडते, तिच्यावरून किनारा कसा ठरवायचा? पहिले दोन रविवार वाया गेले. पानगळीवरून काही निघेल या आशेने मी दोन्हीकडचे पाऊसमान ताडून पाहिले. गोरखचिंच कोरड्या दिवसांत पाने टाकते, आणि फेब्रुवारी महिना दीवलाही कोरडा व मोंबासालाही कोरडाच. महिना एप्रिलचा असता तर कदाचित काही उलगडले असते. रावणताडाच्या फाट्यांच्या ठेवणीवरून जात वेगळी काढण्याचा प्रयत्नही फसला, कारण केनियातील एक भाऊबंद असाच दुभंगत जातो आणि फळे फोटोत दिसत नाहीत.

तिसऱ्या रविवारी मी फोटो पुन्हा स्कॅन केला. आधीचा स्कॅन मी तालुक्याच्या गावी एका दुकानात करून घेतला होता. त्या गृहस्थांनी न विचारता फोटो ‘क्लिअर’ करून दिला होता, म्हणजे पानांच्या कडा तीक्ष्ण आणि बाकी सारे दळलेल्या पिठासारखे गुळगुळीत. झाडे ओळखायची असतील तर असा उपकार कोणाकडूनही घेऊ नये. या वेळी मित्राचा जुना सपाट काचेचा स्कॅनर आणला, १२०० dpi वर ठेवला, सगळ्या सुधारणा बंद केल्या आणि फाईल TIFF मध्ये जतन केली. मागची क्षितिजरेषा प्रथमच उलगडली.

मग मी झाडांच्या जातींकडे पाहणे सोडले आणि त्यांच्या कुटुंबाकडे पाहू लागलो. क्षितिजावर सुटी मोजता येतील अशी ४३ झाडे आहेत, त्यांपैकी २६ रावणताड. त्यांत तीनदा फाटा फुटलेले उंच आहेत, एकदाच फाटा फुटलेले आहेत, अजून सरळ असलेले आहेत, आणि बांधाच्या कडेला जमिनीतूनच पंखे उघडावेत तशी पाने काढलेली अगदी लहान रोपेही आहेत. त्यांच्यात ओळ नाही, ठरावीक अंतर नाही. गोरखचिंच मात्र एकच आहे. तिच्या जवळपास तर नाहीच, पण दूरवरही दुसरी नाही. आणि नव्या स्कॅनमध्ये तिच्या बुंध्याभोवती, आजोबांच्या पायांमागे, दोन थरांची दगडी बैठक दिसते. तो पार आहे! इतके दिवस मी त्याला सावली समजत होतो.

मोंबासाच्या उत्तरेला किलिफीच्या बाजूचे रस्ते नकाशावरच्या फोटोंतून पाहिले, तर तेथे गोरखचिंचा शेतांत, माळावर, घरांमागे कशाही विखुरलेल्या आहेत आणि लहानमोठ्या सर्व घेरांच्या आहेत. तेथील कोणत्याही उघड्या क्षितिजावर दुसरी गोरखचिंच न दिसणे हेच आश्चर्य ठरेल. आपल्याकडे ती किल्ला, दर्गा, चर्च, देऊळ किंवा जुन्या बंदराच्या आसऱ्याने एकेकटी किंवा मोजकी उभी असते. याला मर्यादा आहेत, त्या लिहिल्याच पाहिजेत. कोवळ्या गोरखचिंचेचे खोड फुगलेले नसते आणि सुरुवातीची पाने बोटांसारखी विभागलेलीही नसतात, त्यामुळे लहान झाड फोटोत सहज निसटते. आफ्रिकेतही गुरांच्या चराईमुळे कित्येक ठिकाणी रोपे टिकत नाहीत. शिवाय रोपे उगवलेली दिसली म्हणून झाड मूळचे तिथलेच असे होत नाही. आपल्याकडे ऑस्ट्रेलियन बाभूळ जांभ्याच्या सड्यावर आपोआप पसरतेच आहे. म्हणून रोपांवरून फक्त इतकेच कळते की झाड त्या जागी रुळले आहे. रावणताड मूळचा इथला आहे हे त्याच्या जातीवरून ठरते, फोटोवरून नव्हे.

तरीही विखुरलेला, सर्व वयांचा रावणताड आणि पारावरची एकटी गोरखचिंच, ही जुळणी मला केनियापेक्षा आपल्या किनाऱ्याकडे नेते. भिंतही तेच सांगते. आमच्याकडच्या जांभ्याचे चिरे कृष्णधवल फोटोत गडद आणि भोकाभोकांचे येतात, फोटोतील दगड मात्र फिकट आहे, त्यामुळे रत्नागिरी आणि तिच्या खालचा किनारा बाद होतो. दीवची बांधकामे फिकट चुनखडीच्या दगडाची आहेत. मोंबासाकडचा प्रवाळी दगडही फिकटच असतो, म्हणून भिंतीला मी दुय्यम साक्षीदार मानतो.

खात्रीसाठी मी मध्यंतरी वसईला जाऊन जुनी गोरखचिंच प्रत्यक्ष पाहिली. साल राखाडी, हत्तीच्या कातडीसारखी, दुमडलेली. टेपने घेर मोजला आणि पुतण्याला आजोबांच्या जागी उभे करून त्याच अंतरावरून फोटो काढला. माणूस झाडाच्या पुढे उभा असला की तो मोठा व बुंधा लहान दिसतो, आणि घेराचा अंदाज सहज दोन हातांनी कमी येतो. आजोबांच्या उंचीवरून मी काढलेला ९ मीटरचा घेर आता अपुरा वाटतो. घेरावरून वय काढण्याच्या फंदात मी पडणार नाही, कारण हे झाड खोडात पाणी साठवते आणि त्याचा घेर ऋतूनुसारही थोडा बदलतो.

हे लिहीत असतानाच नवव्या फोटोची आठवण झाली आणि मी जेवण टाकून अल्बम पुन्हा काढला. त्या फोटोत किनाऱ्यावर पाइनची रांग आहे असे मीच लिहिले होते, आणि त्यावरून केनियातील उंचवट्याची चर्चाही केली होती. पाइन मूळचा उत्तर गोलार्धातला. विषुववृत्त ओलांडणारी एकच जात, तीही सुमात्रात जेमतेम. त्यामुळे दक्षिण गोलार्धात पाइन दिसला की तो लावलेला किंवा लावलेल्यापासून पसरलेला, हा नियम पक्का आहे. निलगिरीचेही तसेच: ऑस्ट्रेलिया आणि तिच्या उत्तरेची काही बेटे सोडली तर सर्वत्र ती लावलेलीच असते, आणि एकाच उंचीची सरळ खोडे, सारखे अंतर, तोडलेल्या बुंध्यातून फुटलेले तीन-चार धुमारे यांवरून ते दिसूनही येते. पण नवव्या फोटोत हा नियम लावण्याआधी ते झाड पाइन आहे की नाही हेच मी तपासले नव्हते. काल संध्याकाळी घराखालच्या सुरूबनात जाऊन एक काडी तोडली. ती सुई नसतेच, हिरवी बारीक डहाळी असते, आणि बोटांनी ओढली की सांध्यांवर टक् टक् तुटते. दुरून मात्र तीच धूसर, झुकलेली छाया, जी फोटोत दिसते. पाइनच्या फांद्या ठरावीक थरांनी निघतात आणि खोडाभोवती मजले दिसतात. नवव्या फोटोत मजले नाहीत.

नववा फोटो म्हणजे सुरूची लागवड असेल, तर तो आपल्याकडच्या कोणत्याही पुळणीचा असू शकतो आणि उत्तर सापडण्याऐवजी शोधाचे क्षेत्रच वाढते. त्यामुळे आधी ठरवलेला क्रम मी बदलत आहे. दहावा फोटो बाजूला ठेवून नववा १२०० dpi वर घेतो. फेब्रुवारीत मावशीच्या यजमानांना घेऊन दीवला जाण्याचे ठरले आहे. तोपर्यंत सातव्या फोटोची पिन दीववर पेन्सिलीने, आणि मोंबासावर कोरे भोक.