टेन ऑफ कप्स नवव्या घरात अडकला

दांडिया बाजारातल्या एका मुलीचं टॅरो रीडिंग अखेर झालं. मुलगा गुजराती, दोघांच्या घरी अजून बोलणं नाही. प्रश्न एवढाच की आमचं पुढे जमेल का. केल्टिक क्रॉस मांडला, म्हणजे दहा घरांत दहा पानं. आठव्या घरात थ्री ऑफ कप्स, सुलट. आठवं घर भोवतालच्या माणसांचं, त्यामुळे मित्रमंडळींचा होकार इतका स्वच्छ मला क्वचितच दिसलाय. कप उंचावून नाचणाऱ्या तिघी बघून ती लगेच म्हणाली, "ताई, ह्या तर माझ्या गरब्यातल्या मैत्रिणी!"

घोडं अडलं ते पुढच्या पानावर. टेन ऑफ कप्स आला नवव्या घरात. ते घर आशा आणि भीतीचं, दहावं निकालाचं. इंद्रधनुष्य, हात उंचावलेलं जोडपं, नाचणारी पोरं, मागे घर, हे सगळं तिच्या मनात आहे, एवढंच ते पान तिथे सांगतं. पुढे घडेलच असं सांगत नाही. आणि दहाव्यात बसला किंग ऑफ पेंटॅकल्स. ती इंद्रधनुष्याकडे बघत हसत होती, मला काही "होणार" म्हणवेना.

रात्री हा डेक ज्याने घडवला त्या आर्थर वेटचे मूळ अर्थ काढून बसले. गंमत अशी की थ्री ऑफ कप्सच्या अर्थात त्याने मैत्रीचं नावच घेतलेलं नाही. तिथे आहे काम भरभराटीत, आनंदात तडीस जाणं. प्रेम आणि मैत्रीची पूर्णता त्याने टेनमध्ये लिहिली आहे. शिवाय टेनबरोबर बरीच चित्रपानं आली, तर विचारणाऱ्याचं हित हाती घेणारा माणूस, असाही अर्थ दिलाय. ह्या मांडणीत राजा होताच, पाचव्यात क्वीन ऑफ वाँड्स आणि सातव्यात पेज ऑफ कप्सही होते. म्हणजे सुख आहे, पण त्याची किल्ली एका पोक्त, पैशाअडक्याने भक्कम पुरुषाकडे. मला तरी तो मुलाचा बाप वाटतो.

जाता जाता डेकबद्दल. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त प्रतीत टेनची वरची कड कापलेली आहे, कडेचे कप अर्धे गायब. १९०९ च्या मूळ चित्राशी रंग जुळणारीच प्रत घ्या, ह्या पानात सगळा जीव वरच्या कमानीत आहे.

शनिवारी साधी रिलेशनशिप स्प्रेड मांडणार होते, हे लिहिता लिहिताच बेत बदलला. दहाव्यात चित्रपान आलं की त्यालाच सिग्निफिकेटर, म्हणजे ज्याच्याबद्दल बघायचं त्या माणसाचं मधलं पान, करून पुन्हा मांडायचं, ही वेटचीच रीत. तेव्हा राजा मधोमध, आधीचा सिग्निफिकेटर परत गड्डीत. टेन सहाव्यात, म्हणजे येऊ घातलेल्याच्या घरात पडला, तर तिला बिनधास्त होकार सांगेन. पुन्हा नवव्यातच बसला, तर मैत्रिणींच्या होकारावर विसंबू नकोस, आधी त्याच्या वडिलांशी बोला, असं सांगणार.